घरातली जुनी समई नेमकी कुठली, कधीची? नाव आणि वय काढायची पद्धत

ठाण्यात नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला जायला लागल्यापासून माळ्यावरचं पितळ धडाधड खाली येतंय. त्यातलं निम्मं भंगारवाल्याकडे किलोच्या भावात जातं आणि उरलेलं "पणजोबांच्या वेळचं, दोनशे वर्षं जुनं" असं म्हणून नव्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये जाऊन बसतं. दोन्हीकडे वस्तू नीट उलटीपालटी करून कुणी बघितलेली नसते. म्हणून इथे एकच वस्तू घेतो, समई, कारण ती बहुतेक घरांत असते आणि तिचे तुकडे सुटे होतात, त्यामुळे तिच्यात शोधायला खूप मिळतं. निरांजन, पंचारती, ताम्हण यांनाही हीच पद्धत बऱ्यापैकी लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगतो, घासायची नाही. चिंच, राख, पावडर, लिंबू काहीही नको, निदान पूर्ण बघून होईपर्यंत तरी. सगळा पुरावा त्या काळ्या-तपकिरी थरात आणि खाचांतल्या मळातच असतो. मोठ्या घरात चार बायका बसून भांडी चकचकीत करायच्या तो उत्साह इथे आवरा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास.

लागणारं सामान असं: मोबाईलचा टॉर्च, साधं भिंग, लोहचुंबक, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, कापसाच्या काड्या आणि थोडं नेलपॉलिश रिमूव्हर.

पहिलं काम, नाव ठरवणं

दिव्याचं नाव ठरवताना आधी वात कुठली लागत होती ते बघा, बाकी नक्षी-मोर नंतर. लांबवात आडवी पडते आणि तिचं टोक काठाबाहेर यायला लागतं, म्हणून लांबवातीच्या दिव्याला चोच असते, काठ तेवढ्या जागी पुढे ओढलेला असतो. फुलवात मधोमध उभी राहते, तिला चोचीची गरज नाही, खोलगट वाटी पुरते आणि ती बहुतेक तुपात भिजवतात. त्यामुळे हातात मावेल एवढी, खाली पाय असलेली, बिनचोचीची वाटी म्हणजे निरांजन. अशा किंवा चोचीच्या पाच वाट्या एका दांडीवर बसवल्या की पंचारती. उथळ पसरट ताटली, लांब दांडी आणि मधे जळकट खरखरीत डाग असेल, तेलाचा चिकटा अजिबात नसेल, तर ती कापराची आरती. खोल वाटी आणि तिचा तळ बाहेरून लालसर-निळसर तापलेला दिसत असेल तर त्यात निखारे पडत होते, म्हणजे ती धुपाची. साखळी किंवा वर कडी असली की लामणदिवा, पण साखळी हरवते, म्हणून कडीचं भोक एका बाजूला ओढल्यासारखं झिजलंय का तेही बघायचं, कारण वर्षानुवर्षं लटकलेल्या वस्तूचं भोक वरच्या बाजूलाच झिजतं.

समई म्हणजे जमिनीवर उभी राहणारी, तेलाची, चोचीवाली. बैठक, दांडा, तेलाची ताटली आणि वर मोर किंवा कळस असे तिचे भाग. वर मोराऐवजी हंस असेल, ताटल्या एकावर एक दोन-तीन असतील तर ती दक्षिणेकडची असण्याची शक्यता धरा. नुसती बुटकी शेंडी आणि खूप रुंद ताटली असेल तर केरळचा निलविळक्कू डोक्यात ठेवा. आता हे शंभर टक्के नाही, कारण नोकरीनिमित्त वस्तू फिरतात आणि वाशी-नेरुळला तर कर्नाटक, केरळ, तामिळनाडूची माणसं शेजारीशेजारी राहतात, एकमेकांना भेटी देतात. आकारावरून घडण कुठली ते कळतं, घर कुठलं ते नाही.

ताम्हण, पंचपात्र यांच्या बाबतीत एवढंच सांगतो की ती बहुधा तांब्याची, आणि भांड्याच्या तळाला छोटं भोक व वर टांगायला कड्या दिसल्या तर ते अभिषेकपात्र आहे, भोक पडलेला तांब्या नाही. हे भोक डाख देऊन बुजवलेलं मी पाहिलंय.

दुसरं काम, सुटं करणं

समई सुटी करा. आटे घट्ट असतील तर खोबरेल सोडून रात्रभर ठेवा, पाना लावू नका. सुटी झाली की प्रत्येक तुकडा वेगळा बघायचा, जणू चार वेगळ्या वस्तू आहेत, कारण खूपदा त्या खरंच चार वेगळ्या वस्तू असतात. मोर हरवतो, ताटली फुटते, मग बाजारातून दुसरी आणून बसवतात. आणि पूर्ण समईचं वय हे तिच्यातल्या सर्वात नव्या तुकड्याच्या वयाएवढं कमी धरायचं की प्रत्येक तुकड्याचं वेगळं सांगायचं, यावर लोक भांडतात. माझ्या मते वेगळंच सांगावं.

आटे बघा. हाताने कानसून काढलेले आटे जाड, अंतर कमीजास्त, कडा बोथट, आणि एका समईचा दांडा दुसऱ्या समईच्या बैठकीत बसत नाही. लेथवर काढलेले आटे एकसारखे, बारीक, धारदार. हाताचे आटे असले की ते जुनंच असं मात्र नाही, छोट्या कारखान्यांत हातकाम बरीच वर्षं चालू होतं, पण मशीनचे एकसारखे आटे असलेला तुकडा "पेशवाईतला" म्हणून कुणी सांगत असेल तर चहा पिऊन घरी या. कधीकधी आट्याशेजारी दोन तुकड्यांवर छिन्नीची एकेक खूण असते, त्या खुणा समोरासमोर आल्या की तुकडा नीट घट्ट होतो. अशी जोडखूण दोन्हीकडे जुळली तर ते दोन तुकडे जन्माचे सोबती.

मग बैठक उलटी करा. ओतीव बैठकीची आतली बाजू खडबडीत असते, वाळूच्या साच्याचे कण उमटल्यासारखी, कारण जी बाजू दिसणार नाही ती घासून वेळ कोण घालवणार. तिथे जाडी पण कमीजास्त लागते, अंगठा आणि बोटात धरून फिरवलं तरी कळतं. पत्र्यावर दाबून काढलेली बैठक आतूनही गुळगुळीत, सगळीकडे एकच जाडी, आणि बाहेरची नक्षी आतून उलटी दिसते. चुंबक लावून बघा, चिकटला तर आत लोखंड आहे, वर पितळेचं नुसतं पाणी.

तिसरं काम, झीज वाचणं, इथे वेळ द्या

बहुतेक लोक रंगावरून वय सांगतात. आपल्याकडे खाडीची हवा, पाऊस चार महिने, एका पावसाळ्यात बाल्कनीतली नवी घंटा हिरवट-तपकिरी होते. त्यामुळे रंग सोडून द्या. झीज कुठे आहे ते बघा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे काय घासलं असेल?

समई उचलताना माणूस ताटलीच्या खाली दांड्याला धरतो, म्हणजे तिथली नक्षी बोटाएवढ्या पट्ट्यात मऊ पडलेली पाहिजे. बैठकीची खालची कड फरशीवर, शहाबादीवर सरकते, म्हणून ती सपाट आणि बारीक आडव्यातिडव्या ओरखड्यांची पाहिजे. वात काडीने पुढे सारतात, म्हणून चोचीच्या आत लांबीच्या दिशेने ओरखडे पाहिजेत. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे पाच चोचींतली असमानता. रोज संध्याकाळी घरात एक किंवा दोन वाती लागतात, पाचही सणावाराला किंवा कार्याला. म्हणून खऱ्या वापरातल्या समईच्या एक-दोन चोची जास्त जळालेल्या, जास्त घासलेल्या असतात आणि बाकीच्या तुलनेने ताज्या. पाचही चोची सारख्याच काळ्या दिसल्या की मला शंका येते. देवळातल्या समईला मात्र हे लागू नाही, तिथे पाचही रोज पेटत असतील.

तेलाचा चिकटा हा आणखी एक पुरावा. तेल तापून, हवा लागून वर्षानुवर्षांत कडक, पिवळट-तपकिरी, व्हार्निशसारखा थर होतो, तो ताटलीच्या खालच्या बाजूला, मोराच्या शेपटीखाली, जिथे घासताना हात पोचत नाही तिथे सापडतो. नकली जुनेपणा करणारे बूटपॉलिश, काजळी, मेण असलं काही चोपडतात, ते सगळीकडे सारखं आणि मुद्दाम खाचांत भरलेलं असतं. कापसाची काडी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवून न दिसणाऱ्या जागी फिरवा, रंग भराभर उतरून काडी काळी-तपकिरी झाली तर वरून लावलेलं आहे. पितळेचा स्वतःचा काळेपणा त्याने उतरत नाही. एवढंच की शोपीसवर लॅकर मारलेलं असतं ते रिमूव्हरने विरघळतं, तेव्हा काडी चिकट झाली म्हणून लगेच फसवणूक म्हणू नका, ती नवी वस्तू आहे एवढाच त्याचा अर्थ.

उंचवट्यांवर तांबूस-गुलाबी ठिपके दिसले की लोक खूश होतात, "बघा, जुनं पंचधातू". तसं काही नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबट पदार्थाने सारखं घासलं, किंवा चिंच लावून तासन् तास ठेवलं, की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. त्यावरून स्वच्छतेची सवय कळते, वय नाही.

आणि झिजेची मर्यादा इथेच लक्षात घ्या. झीज वापर मोजते, वर्षं नाही. रोज पेटलेली आणि दर शुक्रवारी घासलेली साठ वर्षांची समई, पेटीत पडून राहिलेल्या दीडशे वर्षांच्या समईपेक्षा जास्त म्हातारी दिसते. म्हणून वर्ष काढायला अक्षरं लागतात.

चौथं काम, कोरलेलं वाचणं

पूर्वी भांड्यावर नाव घालायचेच, कारण कार्याला भांडी उसनी जायची आणि परत येताना बदलायची. टोचा मारून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढत, कधी मोडीत, कधी देवनागरीत. हाताच्या टोच्याचे ठिपके कमीजास्त खोल आणि वेड्यावाकड्या अंतरावर असतात, विजेच्या यंत्राने काढलेल्या अक्षरांत ठिपके एकसारखे आणि दाट असतात.

शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा की इसवी सन, आणि तिथी जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळातली असेल तर ७९. सोबत संवत्सराचं नाव असेल तर लॉटरीच, कारण दोन्ही ताडून बघता येतात. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितका नंबर प्रभव पासून मोजा, बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. कॅलेंडरच्या मागे यादी मिळते. शक आणि संवत्सर जुळत नसेल तर लिहिणारा चुकला किंवा कुणीतरी नंतर हौसेने कोरलंय.

वजन कोरलेलं असेल तर तेही सोडू नका. शेर लिहिलं असेल तर बहुधा मेट्रिक वजनं यायच्या आधीचं, ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. ग्रॅम लिहिलं असेल तर त्यानंतरचं. आकड्यापुढे ॥ अशा उभ्या रेघा असतील तर तो अर्धा, एक रेघ म्हणजे पाव, तीन म्हणजे पाऊण. २॥ म्हणजे अडीच.

आता एक समई पूर्ण सोडवून बघू

नौपाड्यातल्या एका काकूंकडची, साधारण दीड फूट उंच, वर मोर, पाच चोची. घरात बोलवा अशी की पेशवाईतली. म्हणजे १८१८ च्या आधीची. काकू म्हणाल्या, "अरे आमच्या सासूबाईंच्या सासूबाई सांगायच्या."

नावाचा प्रश्नच नव्हता. सुटी केली. बैठकीच्या कडेवर, कारागिराने दोन गोल रेघांच्या मधे मोकळ्या सोडलेल्या पट्टीत, टोच्याने लिहिलेलं: शके १८४१ सिद्धार्थी, वैशाख शु॥ ३, पुढे घरातल्या एका बाईंचं नाव आणि वजन २॥ शेर. १८४१ अधिक १२ म्हणजे १८५३, साठने भागून बाकी ५३, आणि त्रेपन्नावं संवत्सर सिद्धार्थीच, जुळलं. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, १८४१ अधिक ७८, म्हणजे १९१९ च्या मे महिन्याची सुरुवात.

पण यावरून समई १९१९ ला बनली असं लगेच ठरत नाही, एवढंच ठरतं की त्या दिवशी ती होती. जुन्या समईवर नवीन नाव घालता येतं. मग भिंगाखाली अक्षरं आणि त्यांच्या वरखालच्या गोल रेघा शेजारीशेजारी बघितल्या. समई अक्षरं घालायच्या वेळी आधीच शंभर वर्षं घासलेली असती तर रेघा जास्त मऊ आणि ठिपके जास्त तीक्ष्ण दिसले असते. इथे दोन्हींच्या कडा सारख्याच मऊ, ओरखडे दोन्हींवरून सारखेच गेलेले. म्हणजे अक्षरं घातली तेव्हा वस्तू नवी किंवा नव्यासारखी होती. पेशवाई इथे संपली, काकूंचा चेहरा जरा पडला, पण हातात ठोस तारीख आली हे काय कमी आहे?

मग वजन केलं. बैठक ९६० ग्रॅम, दांडा ६३०, ताटली २०५, मोर १४५. एकूण १९४०. आता अडीच शेर म्हणजे किती? शेर जागोजागी वेगळा होता, ही अडचण आहे. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, त्याने अडीच शेर म्हणजे २३३३ ग्रॅम. मुंबईचा चाळीस शेरांचा मण २८ पौंडांचा, म्हणजे तो शेर जेमतेम ३१७ ग्रॅम आणि अडीच शेर म्हणजे आठशे ग्रॅमच्याही आत. नुसती बैठकच त्याहून जड आहे, म्हणून मुंबईचा शेर बाद, पक्का शेर धरला.

तरी ३९३ ग्रॅम कमी पडतात, जवळपास चौतीस तोळे. घासून घासून काही तोळे जातील, चौतीस नाही. म्हणजे कुठला तरी तुकडा बदललाय. कुठला? दांडा आणि बैठकीचे आटे हाताचे, दोन्हींवर छिन्नीची जोडखूण, जुळते. दांड्याचं वरचं टोक ताटलीच्या भोकातून वर येतं आणि त्यावर मोर फिरवून बसतो, त्या मोराचे आतले आटेही तसेच जाड, थोडे हलणारे पण त्याच दांड्यासाठी काढलेले, आणि शेपटीखाली कडक तेलकट थर. उरली ताटली. तिला आटे लागतच नाहीत, नुसतं भोक पाहिजे, म्हणून समईत सगळ्यात सोपी बदलायची वस्तू तीच. पातळ पत्र्याची, जाडी सगळीकडे एकच, चोची दाबून काढलेल्या, मधलं भोक नंतर कानसून मोठं केलेलं. उलटी केल्यावर अणकुचीदार काहीतरी घेऊन ओरखडलेलं "२१० ग्रॅ". दुकानदाराने विकताना लिहिलेलं वजन, म्हणजे ही ताटली मेट्रिकनंतरची. दांड्यावर भोकाखालून एक तेलाचा तपकिरी ओघळ होता, त्याचाही अर्थ लागला, ओतीव ताटलीला भोकाभोवती उंच कड असते म्हणून तेल गळत नाही, या पत्र्याच्या ताटलीला ती नाही. मूळ ताटली हिशोबाने सहाशे ग्रॅमच्या आसपास असणार, जाड ओतीव ताटलीला ते वजन पटतं.

ताटलीच्या पाचपैकी दोनच चोची काळ्या होत्या. म्हणजे बदलल्यानंतरही समई रोज पेटत होती.

काकूंना कागदावर लिहून दिलं ते असं: समई, पितळ, मोराची, पाच चोचींची. बैठक, दांडा, मोर एकाच घडणीचे, १९१९ किंवा त्याच्या थोडं आधी बनलेले. ताटली १९५८ नंतरची, वेगळी. कोरीव मजकूर मूळचा वाटतो. वजन तुकड्यागणिक आणि एकूण. मजकुराचा फोटो तिरप्या उजेडात काढून सोबत. असा कागद समईच्या पेटीतच ठेवायचा, मोबाईलमध्ये नाही, फोन बदलतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे आणि "मी घेऊन जातो" म्हणाला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू पुरावस्तूत येऊ शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. या समईचा जुना भाग शंभरी ओलांडून गेलाय, तेव्हा "घरातली साधी समई आहे हो" म्हणून बॅगेत टाकून एअरपोर्टवर जाऊ नका. शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं का ते आधी विचारायचं, आणि मिळालं नाही तर समई इथेच ठेवायची. काकूंनी ठेवली. फक्त जाड ओतीव ताटली मिळेल का म्हणून जांभळी नाक्यावर चौकशी चालू आहे, आणि मी त्यांना एवढंच म्हटलंय की नवीन बसवलीत तर पत्र्याची जुनी फेकू नका, तिच्यावरच्या त्या २१० ग्रॅममुळेच कोडं सुटलं.